नवरा किंवा बायको समलिंगी असल्याचं कळल्यावर सामोपचारानं घटस्फोट: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात वकिली करते, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं मराठी बोलणारी असतात. गेल्या काही वर्षांत अशी जोडपी येऊ लागली आहेत, ज्यात दोघांपैकी एकानं दुसऱ्याला सांगितलंय की मी गे आहे, मी लेस्बियन आहे. भांडण नसतं. दोघं एकाच रिक्षातून येतात, एकाच बाकावर बसतात, आणि विचारतात की मॅडम, आता कोर्टात लिहायचं काय? खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. हिशेबाचं उदाहरण मात्र दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र करून बांधलेलं आहे, ते कुणा एकाचं नाही.

कोर्टात कारण सांगावं लागतं का?

नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोट मागताना, कोर्टाला तीनच गोष्टी हव्या असतात. तुम्ही वर्षभर किंवा त्याहून जास्त वेगळे राहताय, एकत्र नांदणं शक्य झालेलं नाही, आणि लग्न संपवावं हे दोघांनी मिळून ठरवलंय. का नांदता आलं नाही, हे कायदा विचारत नाही. अर्जात 'स्वभाव व जीवनाविषयीच्या अपेक्षा न जुळल्यामुळे' एवढं एक वाक्य पुरतं, आणि ते खोटंही नाही.

हे मी पहिल्याच भेटीत सांगते, कारण बरेच जण उलट समजुतीनं आलेले असतात. त्यांना वाटतं, एवढं मोठं कारण आहे तर ते लिहिलं की काम लवकर होईल. होत तर नाहीच, पण लिहिलेलं पुढे आयुष्यभर सोबत चालतं. अर्जातला मजकूर निकालात उतरतो. त्या निकालाची प्रत तुम्हाला घरकर्जाला लागेल, दुसरं लग्न ठरवताना लागेल, मुलाच्या शाळेतही कधी तरी मागतील. काउंटरवरच्या प्रत्येक माणसानं तुमच्या नवऱ्याची किंवा बायकोची लैंगिकता वाचावी असं तुम्हाला वाटतं का? उत्तर 'हो' असलं तरी, मूल मोठं झाल्यावर तेही ही प्रत वाचणार आहे, याचा विचार करा.

मग 'फसवणूक' म्हणून लग्नच रद्द करून घेतलं तर?

त्याची वाट १२व्या कलमातून जाते. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर राजीखुशीनं नवरा-बायको म्हणून राहिलेलं चालत नाही. फसवणूक सिद्ध करायची म्हणजे पुरावा, साक्षी, उलटतपासणी आली. लग्न होऊन महिनाच झालाय, मूल नाही, आणि समोरच्यानं जाणूनबुजून लपवलं, अशा प्रकरणात हा विचार करणं समजू शकते. दहा वर्षांच्या संसारात, दोन मुलांसह, ही वाट मी सुचवत नाही. लग्न रद्द झालं तरी १६व्या कलमामुळे मुलं औरसच राहतात, ही भीती तेवढी काढून टाका.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे बावीस-तेविसाव्या वर्षी घरच्यांनी 'बघून' दिलेल्या कित्येकांना तेव्हा स्वतःबद्दलच नीट उमगलेलं नसतं, आणि उमगलं तरी ते सांगायला शब्द नसतो. दरवेळी ती फसवणूकच असते असं नाही.

हा गुन्हा आहे का? ती पोलिसांत देईल, अशी त्याला भीती आहे.

सज्ञान माणसांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमाचा तो भाग काढून टाकला, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. व्यभिचारही २०१८पासून फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. छळ, मारहाण, दागिने दाबून ठेवणं हे गुन्हे आहेतच, मग करणारा कुणीही असो.

दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न मात्र आपल्याकडे कायद्यानं होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क मान्य केला नाही. म्हणजे घटस्फोटानंतर त्यानं जोडीदारासोबत घर केलं तरी कायद्याच्या लेखी तो एकटाच राहतो.

वर्षभर वेगळं राहायचं म्हणजे घर सोडायलाच हवं का?

नाही. 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. एकाच छताखाली, पण वेगळ्या खोलीत, संसाराचं नातं न ठेवता राहिलात तरी ते मोजलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९१मध्येच सांगितलंय. लहान मुलं आणि एकच पगार असलेल्या घरांना ही मोठी सोय आहे. फक्त कधीपासून, ती तारीख दोघांनी एकच सांगायची. जज विचारतात तेव्हा एक म्हणतो दिवाळीपासून आणि दुसरी म्हणते गेल्या उन्हाळ्यापासून, तिथे फजिती होते.

अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी उभं राहून 'होय, आमचं अजून तेच म्हणणं आहे' असं सांगायचं. त्याला वकील मंडळी दुसरी मोशन म्हणतात. संमती शेवटपर्यंत टिकावी लागते; मधेच कुणी एकानं काढून घेतली तर डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, होत नाही. अर्ज करण्याआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालं असेल, मध्यस्थी करून पाहिली असेल, आणि मुलांचं व पैशांचं सगळं मिटलं असेल, तर सहा महिन्यांची अट शिथिल करण्याची विनंती करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या अमरदीप सिंग निकालानं ते दार उघडलं. जज देतीलच असं नाही, पण विचारावं.

लग्न गडहिंग्लजला झालं, संसार बेळगावात, आता ती माहेरी चंदगडला. कोर्ट कुठलं?

आमच्या भागातला नेहमीचा गुंता. लग्न लागलं तिथलं कोर्ट चालतं, शेवटचे एकत्र राहिलात तिथलं चालतं, आणि अर्जदार पत्नी सध्या राहते तिथलंही चालतं. म्हणजे या जोडप्याला कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडची दारं उघडी आहेत. बहुतेकांना वाटतं की ज्या राज्याचं आधारकार्ड त्याच राज्याचं कोर्ट. तसं नाही.

निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे भाषा. बेळगावच्या कोर्टात कागद कन्नड किंवा इंग्रजीत होतात. दोन्ही नीट येत नसतील, तर प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'मजकूर मला मराठीत वाचून समजावून सांगितला व तो बरोबर आहे' ही ओळ घ्याच. ती नुसती लिहायची म्हणून नाही, खरंच वाचून घ्या. मी एक कागद पाहिला होता, ज्यात 'पतीच्या विकृत सवयींमुळे' असं इंग्रजीत होतं आणि सही करणाऱ्या बाईला ते माहीतच नव्हतं. कुणी टाइप केलं कोण जाणे! दुसरी गोष्ट मुलांची. मुलं जिथे नेहमी राहतात तिथल्या कोर्टात पुढचे ताब्याचे अर्ज होतात. आईसोबत मुलं चंदगडला गेली की वर्षा-दोन वर्षांनी वाद झालाच तर बापाला तिकडे जावं लागेल. हे आधी माहीत असावं, नंतर कळून कडवटपणा नको.

गोव्यात नोंदवलेलं लग्न असेल तर तिथला कायदा वेगळा आहे. आधी तिकडच्या वकिलाला भेटा. वीरशैव, लिंगायत, जैन कुटुंबांना हाच हिंदू विवाह कायदा लागतो. ख्रिस्ती, मुस्लिम कुटुंबांच्या वाटा वेगळ्या आहेत, पण संमतीनं वेगळं होण्याची सोय त्यांच्याकडेही आहे.

गावच्या पंचांसमोर स्टँपवर सोडपत्र लिहून घेतलंय. पुरे नाही का?

नाही. नोटरीचा शिक्का असला तरी नाही. एखाद्या समाजात घटस्फोटाची जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करणं डिक्री घेण्यापेक्षा अवघड असतं. ते स्टँपपत्र ठेवून पुन्हा लग्न केलंत तर दुसरं लग्न बेकायदा ठरू शकतं.

सुनावणीच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारतील का?

दोघांपैकी एकानं जरी मागितलं तरी बंद दाराआड सुनावणी होते. हिंदू विवाह कायद्याचं २२वं कलम आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याचं ११वं कलम दोन्ही ती सोय देतात. कार्यवाहीचा मजकूर छापणंही बेकायदा आहे. मागितल्याशिवाय मात्र कुणी आपणहून दार बंद करत नाही, म्हणून अर्जासोबतच मागा.

समुपदेशक आणि मध्यस्थ आधी 'पुन्हा जमतंय का' हे विचारणारच, ते त्यांचं काम आहे. तिथे खरं सांगितलं तरी मध्यस्थीतलं बोलणं कोर्टाच्या कागदात येत नाही. मी तर म्हणते तिथे स्पष्ट सांगा, म्हणजे 'एक मूल आणखी होऊ द्या, सगळं ठीक होईल' हे ऐकावं लागत नाही. आणि कुणी 'डॉक्टरांकडे नेऊन बरा करा' म्हणालं तर ऐकून सोडून द्या. हा आजार नाही. समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्येच कळवलंय.

पैशांचं कसं ठरवायचं? अर्धं-अर्धं होतं ना?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. घटस्फोटात सगळी मालमत्ता अर्धी-अर्धी करायची असा नियम आपल्याकडे नाही. जे ज्याच्या नावावर, ते त्याचं; पत्नीचा हक्क पोटगीचा, आणि स्त्रीधन तर तिचंच. म्हणून संमतीच्या घटस्फोटात करार नीट बसवणं हेच खरं काम असतं.

उदाहरण घेऊ. तो ३८चा, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, हातात पगार ५२ हजार. ती ३४ची, एका पतसंस्थेत, १४ हजार. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. वडगावात दोघांच्या नावावर फ्लॅट, किंमत ४८ लाख, कर्ज १९ लाख शिल्लक, हप्ता १८,५००. तिचं १४ तोळे सोनं सासूबाईंच्या कपाटात. खानापूरकडं सासऱ्यांच्या नावावर थोडी शेती.

तो पहिल्याच बैठकीत म्हणाला, "फ्लॅट तिलाच देतो, मी काही घेत नाही." अपराधी वाटणारी माणसं असंच बोलतात. आणि ती म्हणाली, "मला काही नको, फक्त मुलं द्या." दुखावलेली माणसं असंच बोलतात. दोन्ही वाक्यांवर करार केला तर दोन वर्षांत मोडतो. फ्लॅट तिच्या नावावर गेला तरी कर्ज दोघांचं राहतं, कारण बँकेला तुमची डिक्री लागू नाही. जोवर कर्ज फेडलं जात नाही किंवा बँक लेखी एकाचं नाव काढत नाही, तोवर हप्ता चुकला की नोटीस दोघांनाही येते. १४ हजारांवर १८,५००चा हप्ता ती भरणार कशी? आणि तो हप्ता भरत राहिला, वर मुलांचे पंधरा-सोळा हजार दिले, तर त्याला १८ हजारांत स्वतःचं भाडं, जेवण आणि आई-वडिलांचं औषधपाणी भागवायचं. सहा महिन्यांत चुकेल, आणि मग तिला वाटेल की त्यानं मुद्दाम केलं.

म्हणून फ्लॅट विकला. तो जूनमध्येच भाड्याच्या खोलीत गेला होता, मुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत फ्लॅटमध्येच राहिली, एप्रिलमध्ये व्यवहार झाला. ४८ लाखांतून कर्ज १९ आणि दलाली व इतर खर्च सुमारे १ लाख गेला. २८ लाख उरले. त्यातले १७ तिला, ११ त्याला असं ठरलं. तिचा वाटा मोठा का? मुलं तिच्याकडे राहणार, पगार तिचा कमी, आणि नोकरीची दहा वर्षं तिनं घरात घालवली. हे कारण करारात लिहिलं, 'उपकार' म्हणून नाही.

तिनं सहा लाखांत शाळेजवळ दोन खोल्यांचं घर लीजवर घेतलं. लीजची पद्धत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे: रक्कम द्यायची, भाडं नाही, मुदत संपली की रक्कम परत. तरी सांगते, करार नोंदणीकृत करा आणि त्या घरावर मालकाचं कर्ज नाही ना, हे बघा. नाही तर पैसे अडकतात. उरलेले ११ लाख तिच्या नावानं ठेवीत. तो मुलांसाठी महिन्याला १६ हजार देणार, दर जूनला त्यात आठ टक्के वाढ, आणि शाळेची फी व मोठं दवाखान्याचं बिल निम्मं निम्मं. तिच्या हातात ३० हजार आणि भाडं शून्य. त्याच्या हातात ३६ हजार. दोघांचंही चालतं, आणि चालतं म्हणूनच टिकतं.

१७ लाखांपैकी ५ लाख अर्ज दाखल करताना आणि १२ लाख दुसऱ्या मोशनच्या दिवशी डीडीनं, जजसमोर. मधल्या काळात ते १२ लाख दोघांच्या सह्या लागतील अशा खात्यात ठेवले. सगळे आधी दिले तर देणाऱ्याला धास्ती, सगळे शेवटी ठेवले तर घेणारीला.

सोन्याचं म्हणाल तर सासूबाईंनी आधी 'आमचंच घातलेलं' असं म्हटलं. लग्नात तिला मिळालेलं, मग ते माहेरचं असो वा सासरचं, स्त्रीधन आहे. वजन करून, फोटो काढून, दोघांच्या सह्यांच्या यादीसह परत झालं. सव्वा तोळ्याचं एक कंगन सापडलंच नाही, आणि तिनं ते सोडून दिलं. मी सोडू नको म्हटलं होतं.

शेतीबद्दल एकच सांगते. 'मुलांचा आजोबांच्या जमिनीवर हक्क नाही' असलं वाक्य करारात घेऊ नका. जमीन आजोबांची स्वकष्टाची की वडिलोपार्जित, हे तुम्हाला नीट माहीत नसतं, आणि वडिलोपार्जित असेल तर मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. अज्ञान मुलांची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय आई-बापांना सोडून देता येत नाही. उतारा काढून बघा, आणि त्या बाबतीत करारात काहीच लिहू नका.

तिनं पोटगी सोडली तर मुलांची पण सुटते का?

नाही. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे, आई तो सोडू शकत नाही. करारात लिहिला तरी कोर्ट तो भाग पुढं बदलू शकतं.

समलिंगी म्हणून बापाचा किंवा आईचा मुलांवरचा हक्क जातो का?

कायद्यात असं कुठेही नाही. ताब्याचा प्रश्न मुलाच्या हितावर ठरतो. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, आणि आई लेस्बियन असेल तरी तो नियम बदलत नाही. पण घरचे लोक ही गोष्ट दबावासाठी वापरतात, म्हणून करारात ताबा आणि भेटी तपशिलानं लिहा. 'सोयीनुसार भेटेल' असं लिहू नका; सोय कुणाची, यावर भांडण होतं.

वरच्या उदाहरणात एक शनिवार-रविवार सोडून एक बापाकडे, मे महिन्याची सुट्टी निम्मी, गणपतीला पाच दिवस बापाच्या गावी आणि दिवाळी आईकडे, पुढच्या वर्षी उलट, असं लिहिलं. शाळा बदलायची किंवा मुलांना दुसऱ्या राज्यात न्यायचं असेल तर तीन महिने आधी लेखी कळवायचं. ही अट सीमाभागात खूप लागते. आई कोल्हापूरला गेली की शाळा बदलते, बोर्ड बदलतं, इथे शिकलेलं कन्नड मागे पडतं, आणि मध्येच परतायचं झालं तर मूल दोन्हीकडे मागे राहतं.

काही करारांत एक वाक्य घुसवतात: 'वडील मुलांना अशा प्रकारच्या व्यक्तींच्या संपर्कात आणणार नाहीत.' ते मी काढायला लावते. ते अपमानकारक आहे, आणि उद्या बापाच्या घरी कुणी मित्र आला तरी करारभंगाचा वाद उभा राहतो. त्याऐवजी, दोघांपैकी कुणाचाही नवा जोडीदार मुलांच्या आयुष्यात येणार असेल तर आधी दुसऱ्याशी बोलायचं, असं दोघांनाही सारखंच लागू होणारं वाक्य लिहा. ती पुन्हा लग्न करेल तेव्हा तिलाही ते लागेल.

मुलांना काय सांगायचं?

चार वर्षांच्या मुलाला वडील कुठे झोपतात एवढंच हवं असतं. "बाबांचं आता वेगळं घर आहे, तू दोन्हीकडे राहणार, बाबा शनिवारी येणार." आणि मग शनिवारी खरंच यायचं.

दहा वर्षांची मुलगी वेगळी. तिच्या कानावर शेजारून, आत्याकडून, शाळेतल्या व्हॅनमधून काहीतरी येणारच. तिला दोघांनी मिळून, एकाच वेळी सांगावं, आणि ज्याची गोष्ट आहे त्यानं स्वतः सांगावी. त्या उदाहरणातल्या बापानं सांगितलेलं मला आवडलं: "काही पुरुषांना पुरुष आवडतात, मी तसा आहे. हे मला आईला आधी सांगायला हवं होतं, ते मी उशिरा सांगितलं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही." मुलीनं विचारलं, गणपतीला येणार ना? तेवढंच.

मुलीला गुपित सांभाळायला लावू नका. "हे आजीला सांगू नकोस" म्हणालात की तिला तेच ओझं होतं. आजीला तोच सांगेल, मुलीनं सांगायचं नाही, इतका फरक तिला समजतो.

गावात काय सांगायचं? त्याचं कुणाला कळू नये म्हणून मी गप्प बसले, आणि आता सगळे मलाच बोल लावतात.

माझ्या अनुभवात इज्जतीचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. त्याचं गुपित ठेवणं तिच्या हातात असतं, पण त्या गुपिताची किंमत तीच चुकवते. 'हिनंच नांदलं नाही', 'हिचंच बाहेर काहीतरी असणार', 'हिलाच जमलं नाही', असं हळदीकुंकवालाच ऐकू येतं. आणि त्याची गोष्ट परस्पर गावभर करण्याचा हक्क तिलाही नाही. एकदा सुटलेला शब्द परत येत नाही, आणि खानापूरच्या बाजारात तो संध्याकाळपर्यंत पोचतो.

यावर एकच उपाय काम करताना पाहिला आहे. दोघांनी मिळून एक वाक्य ठरवायचं आणि दोन्ही घरी ते त्यानं स्वतः जाऊन सांगायचं: "आमचं लग्न माझ्यामुळे टिकलं नाही. तिची काही चूक नाही. याहून जास्त मी सांगणार नाही." समोर बसलेली माणसं पुढे विचारतात, तेव्हा तेच वाक्य पुन्हा. तिच्या वडिलांसमोर हे बोलणं सोपं नाही, पण दोन मिनिटांच्या त्या अवघडलेपणानं तिची कित्येक वर्षांची बदनामी वाचते. तो कुणाला खरं कारण सांगेल, हे त्याचं त्यानं ठरवायचं. तिच्या बाजूनं एक अपवाद हवा: तिला एक-दोन माणसांशी, बहिणीशी किंवा मैत्रिणीशी, मोकळेपणानं बोलता यायला हवं. नावं दोघांनी आधी ठरवा. संपूर्ण गप्प राहा म्हणणं हा दुसरा छळ आहे.

व्हॉट्सअॅपवरच्या त्याच्या खासगी गप्पांचे फोटो पुराव्यासाठी म्हणून भावाला पाठवू नका. १३-ब मध्ये पुरावा लागतच नाही.

मी बाई आहे. नवऱ्याला सांगितलं, तो समजूतदार आहे, पण माझ्या माहेरचेच मला कोंडून ठेवतील अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांच्या वाट्याला ती जास्त येते. तुमच्याकडे पगार नसेल, तर घटस्फोटाच्या आधी पैशांची तजवीज करा: स्वतःच्या नावाचं बँक खातं, ज्याचा मोबाइल क्रमांक घरच्या कुणाचा नाही, आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे. नवरा समजूतदार आहे म्हणता, तर त्यानंच हे करायला मदत करावी, आणि डिक्री होईपर्यंत तुम्ही माहेरी जायलाच हवं असं नाही.

सज्ञान बाईला कुणी, आई-वडीलही, कोंडून ठेवू शकत नाहीत. तसं झालं तर जवळची व्यक्ती कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला कोर्टासमोर हजर करा असा, अर्ज करू शकते. मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांसाठी सूचना दिल्या आहेत: त्या व्यक्तीशी एकांतात बोलून तिची स्वतःची इच्छा जाणून घ्यायची, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायचा प्रयत्न करायचा नाही. तातडीला महिला हेल्पलाइन १८१. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००.

एचआयव्ही तपासणी करून घ्यावी का?

लग्नाबाहेर शरीरसंबंध आला असेल तर दोघांनीही, मग तो स्त्रीशी असो वा पुरुषाशी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत आणि गुप्त असते. विचारण्यात अपमान नाही, लपवण्यात धोका आहे.

डिक्री हातात आल्यावर लगेच काय काय बदलायचं?

प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवा, एक पुरत नाही. पीएफचं नामनिर्देशन बदला आणि मुलांची नावं घाला. विमा पॉलिसीचंही तसंच. ऑफिसच्या आरोग्य विम्यातून पूर्वीचा जोडीदार निघतो, म्हणून तिला स्वतःची पॉलिसी डिक्रीच्या आधीच घ्यायला सांगते, मध्ये एक दिवसही रिकामा नको.

एक अडचण इथलीच म्हणावी लागेल. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासूचं नाव असतं, आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार त्या प्रमुख महिलेच्याच खात्यात जातात. वेगळं झालेल्या सुनेनं आपलं आणि मुलांचं नाव जुन्या कार्डातून कमी करून नवं कार्ड घेतल्याशिवाय तिला ना रेशन, ना ते पैसे. यासाठी डिक्रीची प्रत न्यायला लागते, आणि तिथल्या माणसानं ती वाचली, तेव्हा त्यात 'स्वभाव व अपेक्षा न जुळल्यामुळे' एवढंच होतं.